रांग आपल्या राउटरमध्ये: ओपनडब्ल्यूआरटी आणि एसक्यूएम

घरातल्या एका फोनवरून फोटो ढगात चढू लागले की दुसऱ्या खोलीतली व्हिडिओ बैठक अडखळते, ऑनलाइन खेळणाऱ्याच्या गोळ्या उशिरा सुटतात आणि साधे संकेतस्थळ उघडायलाही वेळ लागतो. वेगाची चाचणी केली तर आकडे मात्र प्लॅनप्रमाणेच येतात. कारण अशा वेळी अडचण वेगाची नसून विलंबाची असते. डेटा भरपूर वाहत असतो, पण प्रत्येक पॅकेट आधी एका लांब रांगेत ताटकळत असते.

ही रांग राउटर किंवा मोडेमच्या मेमरीत, म्हणजे बफरमध्ये लागते. घरातल्या उपकरणांपासून राउटरपर्यंतचा रस्ता वेगवान आणि तिथून बाहेर जाणारा अरुंद असल्यामुळे जादा पॅकेटे या बफरमध्ये साठतात. मेमरी स्वस्त झाली तशी उत्पादकांनी पॅकेट वाया जाऊ नये म्हणून बफर मोठे केले, आणि इथेच घोटाळा झाला. इंटरनेटवरचे टीसीपी संकेत हरवलेल्या पॅकेटावरून ओळखते की रस्ता भरला आहे, आणि तेव्हाच आपला वेग कमी करते. पॅकेट हरवतच नसेल तर ते बफर तोंडापर्यंत भरत राहते. १,००० पॅकेटांची रांग घेऊन हिशेब करता येतो. लिनक्समध्ये ही मर्यादा अनेक वर्षे प्रचलित होती. प्रत्येक पॅकेट १,५०० बाइटचे धरले तर एकूण १५ लाख बाइट, म्हणजे १ कोटी २० लाख बिट होतात. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर ही रांग रिकामी व्हायला १.२ सेकंद लागतात. त्या रांगेच्या शेपटाला आलेले व्हिडिओ कॉलचे छोटेसे पॅकेटही तेवढा वेळ थांबते. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. २०१० मध्ये जिम गेटिस यांनी आपल्या घरच्या जोडणीत ते शोधून काढले आणि पुढे त्यावर सातत्याने लिहून ते नाव रूढ केले.

उपाय दोन बाजूंनी आला. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ नावाची पद्धत मांडली. ती रांग किती लांब आहे हे पाहत नाही, पॅकेट तिथे किती वेळ थांबले हे पाहते. थोडा वेळ रांग लागणे साहजिक असते, पण १०० मिलिसेकंदांच्या अवधीत विलंब ५ मिलिसेकंदांच्या खाली एकदाही आला नाही तर ती एक पॅकेट टाकून देते. पाठवणाऱ्याला वेळीच इशारा मिळतो आणि तो आवरता होतो. दुसरी बाजू रांगा वेगळ्या करण्याची. तिकीट खिडकीवर शंभर तिकिटे काढणाऱ्या एजंटामागे एका तिकिटाचा प्रवासी उभा राहिला तर त्याचा बळी जातो. प्रत्येकाची रांग वेगळी करून आळीपाळीने एकेक तिकीट दिले तर तो चटकन सुटतो. प्रत्येक जोडणीच्या पॅकेटांना वेगळी रांग देऊन ‘एफक्यू-कोडेल’ नेमके हेच करते. ‘केक’ ही त्याचीच पुढची आवृत्ती आहे. ती २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत दाखल झाली, आणि तिच्यात वेगमर्यादा घालण्याची सोयही अंगभूत आहे. या साऱ्याला मिळून स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, थोडक्यात एसक्यूएम, म्हणतात.

बाजारातल्या कितीतरी राउटरच्या मूळ फर्मवेअरमध्ये हे नसते, किंवा ‘क्यूओएस’ या नावाखाली काहीतरी वेगळेच असते. म्हणून फर्मवेअर बदलावे लागते. ओपनडब्ल्यूआरटीची सुरुवात २००४ मधली. लिंकसिसच्या ‘डब्ल्यूआरटी५४जी’ राउटरमध्ये लिनक्स वापरले होते आणि परवान्याच्या अटीनुसार त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला होता. त्यातून हा प्रकल्प उभा राहिला, आणि नावातली ‘डब्ल्यूआरटी’ ही अक्षरेही तिथलीच. आज तो शेकडो मॉडेलांवर चालतो.

आपले मॉडेल त्यात आहे का, हे प्रकल्पाच्या हार्डवेअर यादीत पाहणे ही पहिली पायरी. इथे नावावर विसंबून चालत नाही. राउटरच्या तळाच्या स्टिकरवर आवृत्तीचा आकडा असतो, तोही जुळला पाहिजे. टीपी-लिंकच्या ‘आर्चर सी६’चे उदाहरण घ्या. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आहे आणि तिसरीत मीडियाटेकची. डबा सारखाच दिसतो, पण एकाचे फर्मवेअर दुसऱ्यात घातले तर राउटर मरतो. मेमरीही पाहावी. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे जुने राउटर आता समर्थनाबाहेर गेले आहेत. ८ आणि ६४ हा किमान आकडा धरतात, पण १६ आणि १२८ असेल तर निश्चिंतपणे काम होते.

फायबर जोडणीत एक गोष्ट आधी स्पष्ट हवी. सेवा देणारी कंपनी भिंतीवर जो ओएनटी डबा लावते त्याचे फर्मवेअर बदलायचे नसते, कारण कंपनीच्या यंत्रणेत त्याचीच नोंद असते. आपला राउटर त्याच्या पुढे जोडायचा. कंपनीने ओएनटी ‘ब्रिज’ पद्धतीत टाकून दिला तर उत्तम. मग पीपीपीओई जोडणीचे नाव, पासवर्ड आणि लागत असल्यास व्हीलॅन क्रमांक आपल्या राउटरमध्ये भरायचा. तसे नाही झाले तरी एसक्यूएम चालते, फक्त अट एकच: घरातली प्रत्येक वस्तू आपल्याच राउटरला जोडलेली हवी. टीव्ही ओएनटीच्या वायफायवर राहिला तर त्याचा डेटा हिशेबाबाहेरून जातो आणि सारा खटाटोप फुकट जातो.

फर्मवेअर चढवताना संगणक वायफायवर नको, केबलने जोडलेला हवा. मूळ फर्मवेअरवरून पहिल्यांदा जाताना ‘factory’ नावाची फाइल लागते. ‘sysupgrade’ ही फाइल नंतरच्या अद्ययावतीकरणासाठी असते. उतरवलेल्या फाइलची ‘sha256sum’ बेरीज संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून घ्यावी, आणि मग राउटरच्या स्वतःच्या अपग्रेड पानावरून ती चढवावी. ही काही मिनिटे वीज जाता कामा नये. भारनियमनाच्या गावात राउटर आधीच इन्व्हर्टरवर लावलेला बरा. मधेच बिघाड झाला तरी बहुतेक राउटरांत सुटकेची वाट असते. संगणकाला ठरावीक पत्ता देऊन, रिसेटचे बटण दाबून धरत राउटर चालू केला की तो टीएफटीपीने किंवा एखाद्या साध्या पानावरून फाइल पुन्हा स्वीकारतो. ती पद्धत मॉडेलागणिक बदलते, म्हणून फर्मवेअर चढवण्याआधीच ती वाचून ठेवावी. इंटरनेट बंद पडल्यावर ती शोधायला जागा उरत नाही.

नव्या फर्मवेअरचा पत्ता 192.168.1.1 असतो. ओएनटीचाही तोच पत्ता असेल तर दोघांची टक्कर होते आणि इंटरनेट चालत नाही, तेव्हा आपला 192.168.2.1 असा बदलावा. पासवर्ड सुरुवातीला नसतो, तो लगेच ठेवावा. वायफायही बहुतेकदा बंदच असते, त्यामुळे घाबरून राउटर गेला असे समजू नये. इंटरनेट जोडून झाले की एसक्यूएमचे पॅकेज घ्यायचे. नव्या २५.१२ आवृत्तीत `apk update && apk add luci-app-sqm` आणि त्याआधीच्यांत `opkg update && opkg install luci-app-sqm` अशी आज्ञा आहे.

आता आकड्यांचा भाग, आणि सगळे यश यावरच ठरते. समजा, एका घरी ४० एमबीपीएस डाउनलोड आणि १० अपलोडची केबल जोडणी आहे. एसक्यूएम बंद ठेवून, केबलने जोडलेल्या संगणकावर वेगवेगळ्या वेळी काही चाचण्या केल्यावर वेग साधारण ३८ आणि ९.५ मिळतो. निवांत वेळी पिंग १२ मिलिसेकंद आहे आणि अपलोड सुरू होताच ५०० वर जातो. आता मोजलेल्या वेगाच्या सुमारे ९० टक्के आकडा भरायचा, म्हणजे ३४,००० आणि ८,५०० किलोबिट.

```
uci set sqm.@queue[0].enabled='1'
uci set sqm.@queue[0].interface='wan'
uci set sqm.@queue[0].download='34000'
uci set sqm.@queue[0].upload='8500'
uci set sqm.@queue[0].qdisc='cake'
uci set sqm.@queue[0].script='piece_of_cake.qos'
uci set sqm.@queue[0].linklayer='ethernet'
uci set sqm.@queue[0].overhead='44'
uci commit sqm
/etc/init.d/sqm restart
```

पीपीपीओई असेल तर ‘wan’ऐवजी ‘pppoe-wan’ लिहावे. शेवटचा ४४ हा प्रत्येक पॅकेटावर पुढच्या तारेत चढणाऱ्या जादा बाइटांचा सावध अंदाज आहे.

पैसे भरून घेतलेला वेग आपणच कमी करायचा, हे पहिल्यांदा कुणालाही खटकते. पण रांग नेहमी सर्वांत अरुंद जागी लागते. ती जागा कंपनीच्या मोडेममध्ये असेल तर तिथल्या रांगेवर केकचा काही अधिकार चालत नाही. आपल्या राउटरला मोडेमपेक्षा किंचित अरुंद केले की रांग आपल्याकडे येते, आणि मगच तिला शिस्त लावता येते. अपलोडला हे चोख जमते. डाउनलोडला मात्र पॅकेटे आधीच तार ओलांडून आलेली असतात, म्हणून तिथे राउटर काही पॅकेटे टाकून पाठवणाऱ्याला मंदावायला लावतो. हा उपाय अप्रत्यक्ष आहे आणि त्यासाठी थोडी जास्त जागा सोडावी लागते.

मग पुन्हा भार टाकून पिंग पाहायचा. वरच्या घरात अपलोड चालू असताना तो १५ ते २५ मिलिसेकंदांत राहिला तर आकडा बसला. तेव्हा पाचेक टक्क्यांनी वाढवून बघावे, पिंग चढू लागला की एक पायरी मागे यावे. संध्याकाळी आठ-नऊच्या सुमारास पुन्हा तपासावे, कारण त्या वेळी कंपनीचा वेग उतरला तर ठरवलेली मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा मोठी होते आणि रांग परत मोडेमकडे सरकते. `tc -s qdisc show dev wan` या आज्ञेच्या उत्तरात ‘cake’ दिसतो का आणि पॅकेटांची मोजणी वाढते का, एवढे पाहिले तरी तो चालू असल्याची खात्री पटते.

दुसरी मर्यादा राउटरच्या प्रोसेसरची. एसक्यूएममध्ये प्रत्येक पॅकेट त्याच्या हातून जाते. मूळ फर्मवेअर ज्या हार्डवेअर शॉर्टकटने मोठा वेग गाठते तो इथे बंद ठेवावा लागतो, नाहीतर पॅकेटे रांगेला वळसा घालून निघून जातात. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या चिपांना १००-२०० एमबीपीएसच्या आसपास दम लागतो. वेग ठरवलेल्या आकड्यापर्यंत पोहोचत नसेल आणि भाराच्या वेळी `top` मध्ये ‘sirq’चा आकडा शंभरीकडे जात असेल तर प्रोसेसर कमी पडतो आहे. ५०० एमबीपीएसच्या प्लॅनसाठी ताकदवान एआरएम चिपचा राउटर किंवा छोटा संगणकच लागतो. मात्र एवढ्या रुंद जोडणीत रांग मुळात क्वचितच लागते, त्यामुळे आधी चाचणी करून मगच खर्च करावा.

वायफायचा दोष एसक्यूएमने जात नाही. दोन भिंतींपलीकडच्या फोनला वायफायवरच १५ एमबीपीएस मिळत असतील तर अरुंद जागा हवेत आहे आणि रांगही तिथेच लागते. केबलवर पिंग स्थिर आणि वायफायवर उड्या मारणारा असेल तर दुखणे हेच. खेळाचा सर्व्हर परदेशात असेल तर त्या अंतराचा विलंबही तसाच राहतो. मोबाइल डेटावर चालणाऱ्या राउटरचा वेग क्षणाक्षणाला बदलतो, तिथे एकच ठरावीक आकडा बसत नाही. त्यासाठी `cake-autorate` ही वेगळी स्क्रिप्ट पिंग पाहत मर्यादा वरखाली करते. आणि कंपनीने प्लॅन ४० वरून १०० केला तर एसक्यूएमला ते आपोआप कळत नाही. वरचे दोन आकडे बदलेपर्यंत घराला ३४ च मिळत राहतात.