अपडेटनंतर फोन बंद पडतो? ईमेल असा लिहा

‘अपडेट केल्यापासून फोन बिघडला, ताबडतोब दुरुस्त करा,’ एवढ्या तक्रारीवर सर्व्हिस सेंटर बहुधा फोन रीसेट करून परत देते आणि दोन दिवसांत दुखणे पुन्हा सुरू होते. तंत्रज्ञाला राग नव्हे, खुणा हव्या असतात.

समजा, तीस टक्के चार्ज असतानाच फोन बंद पडतो. मग ईमेलमध्ये लिहा: ‘१२ तारखेच्या अपडेटनंतर कॅमेरा उघडताच फोन बंद होतो. चार्जर लावला की लगेच सुरू होतो आणि पुन्हा तीस टक्केच दाखवतो. सेफ मोडमध्येही तसेच घडते.’ सोबत मॉडेल, बिल्ड नंबर आणि `*#06#` दाबून मिळणारा आयएमईआय द्या.

यातले सेफ मोडचे वाक्य सर्वांत मोलाचे. त्या मोडमध्ये आपण टाकलेली ॲप बंद असतात. तरीही दोष राहिला तर ॲपवरचा संशय बराच कमी होतो. कॅमेऱ्याचा उल्लेखही महत्त्वाचा, कारण तो एकदम जास्त वीज ओढतो. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे अशा वेळी व्होल्टेज कोसळते. म्हणजे अपडेट केवळ निमित्त असू शकते. म्हणून ईमेलमध्ये दोषी ठरवू नका, निदान मागा: ‘बॅटरीची लोडखाली चाचणी करून निष्कर्ष जॉबशीटवर लिहून द्यावा. माझ्या संमतीशिवाय रीसेट करू नये.’

उत्तर आलेच नाही, तर हाच ईमेल पुरावा म्हणून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.