४०० मेसेज गेले, पोहोचले किती?

वॉटर प्युरिफायर विकणारं आणि त्यांची सर्व्हिसिंग करणारं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. फिल्टर बदलायची तारीख जवळ आली, की काउंटरवरचा मुलगा सवड मिळेल तसा गिऱ्हाइकांना फोन करायचा. आता ऑटोमेशन रोज सकाळी शीट वाचतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण पाठवतं. ते बसवून देणारा माणूस महिनाअखेरीस दुकानदाराला ईमेल करतो: 'या महिन्यात ४०० मेसेज पाठवले.'

एवढ्यावर दुकानदाराने खूश व्हायचं कारण नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्यावसायिक सेवेत 'पाठवला', 'पोहोचला' आणि 'वाचला' अशा वेगवेगळ्या नोंदी मिळतात. 'वाचला'वर विसंबू नये, कारण अनेकांनी निळ्या टिका बंद ठेवलेल्या असतात. 'पोहोचला' हा आकडा मात्र महत्त्वाचा. समजा, तो ३५२ आहे आणि त्यातून ६१ जणांनी सर्व्हिसिंग नोंदवली. त्या ६१ पैकी २२ जणांचा वार्षिक करार होता. त्यांच्याकडे माणूस एरवीही जाणारच होता. म्हणजे ऑटोमेशनच्या खात्यावर फार तर ३९ नोंदी टाकता येतील. असा हिशेब स्वतःहून मांडणारा माणूस विश्वासाचा.

खरा मजकूर पुढे असतो. न पोहोचलेल्या ४८ पैकी ३१ नंबर लँडलाइनचे किंवा एखादा आकडा गळलेले निघाले आणि १७ जण व्हॉट्सअ‍ॅपवरच नव्हते. ही नावं ईमेलसोबत यादी करून द्यायला हवीत, नाहीतर ही गिऱ्हाइकं पुढच्या महिन्यातही सुटणार.

याहून वाईट चूक आकड्यांत दिसतच नाही. नऊ जणांना फिल्टर बदलून झाल्यावर आठवण गेली. "अहो, परवाच तुमचा माणूस येऊन गेला ना?" असे फोन दुकानात आले, तेव्हा कुठे ते कळलं. मेकॅनिक काम वहीत लिहीत होता आणि वहीतलं शीटमध्ये शनिवारी चढत होतं. मधल्या दिवसांत ऑटोमेशनच्या लेखी फिल्टर जुनाच! असे मेसेज मिळालेल्यांनी नंबर ब्लॉक केला किंवा तक्रार नोंदवली, तर त्या नंबरचा व्हॉट्सअ‍ॅपकडचा दर्जा घसरतो आणि पुढच्या मेसेजवर बंधनं येऊ शकतात.

म्हणून 'पुढच्या महिन्यात सुधारणा करू' हे वाक्य पुरेसं नाही. मेकॅनिकने काम संपताच मोबाइलवरून नोंद करायची, ५ तारखेपर्यंत ते सुरू करायचं आणि ३१ चुकीचे नंबर काउंटरवरच्या मुलाने जुन्या बिलांवरून तपासायचे, असं नावानिशी लिहिलेलं हवं. मजकूर बदलायचा असेल, तर नवा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. तो वेळही धरायला हवा.

तुमच्या दुकानालाही असा ईमेल येत असेल, तर 'पाठवले'च्या शेजारी 'पोहोचले'चा आकडा आहे का ते पाहा. नसेल, तर तो मागून घ्या आणि न पोहोचलेल्यांची यादीही मागा.