आईला पाठवायचा यूपीआयचा मेसेज

भाजीवाल्याचे 80 रुपये फोनवरून कसे द्यायचे, हे आईला शिकवायचं असेल तर मेसेज छोट्या वाक्यांचा हवा:

"आई, ॲप उघड. स्कॅनचं बटण दाब आणि गाडीवरच्या चौकोनी कोडवर कॅमेरा धर. नाव दिसेल, ते भाजीवाल्याला विचारून घे. मग 80 लिही, Pay दाब, पिन टाक. पैसे गेल्याचं दिसेपर्यंत थांब."

त्याखाली हेच इंग्रजीत लिहा, पण फोनवर दिसणारे शब्दच त्याच क्रमाने: Scan QR, Enter amount, Pay, Enter UPI PIN. ॲपगणिक ते थोडे बदलतात, म्हणून आधी तिचाच फोन बघा.

नावाचं वाक्य मुळीच गाळू नका. दुकानाच्या कोडवर स्वतःचा कोड चिकटवून पैसे लाटणारे असतात. आणखी एक ओळ सुटी, ठळक लिहा: "पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कोणी मागितला तर फोन ठेवून दे."

Pending दिसलं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे देऊ नयेत, हेही सांगा. खात्यातून रक्कम गेली आणि दुकानदाराला मिळालीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ती 5 दिवसांत आपोआप परत यायला हवी. नाही आली तर बँकेत तक्रार करावी.