ऑर्डर पुन्हा कधी घेणार?

२२ एप्रिल २०२५. ईस्टरची सुटी नुकतीच संपली होती. त्या मंगळवारी ब्रिटनमधल्या मार्क्स अँड स्पेन्सरच्या ग्राहकांना कंपनीचे मुख्य अधिकारी स्टुअर्ट मशिन यांचा निरोप मिळाला. गेले काही दिवस कंपनी एका सायबर हल्ल्याला तोंड देत आहे, दुकानांच्या कामात थोडे तात्पुरते बदल केले आहेत, गैरसोयीबद्दल माफी असावी आणि तूर्त तुम्हाला काही करायची गरज नाही, असा त्याचा आशय होता. निरोप सभ्य होता, छोटाही होता. सुटीच्या दिवसांत अनेक दुकानांत कार्ड टेकवून पैसे देता येत नव्हते आणि ऑनलाइन मागवलेले सामान दुकानातून घेऊन जाण्याची सोयही अडखळली होती. त्यामुळे काहीतरी बिघडले आहे हे लोकांना आधीच कळलेले होते.

तीनच दिवसांनी, २५ एप्रिलला, दुसरा निरोप आला. वेबसाइट आणि ॲपवरून ऑर्डर घेणे थांबवले आहे, दुकाने उघडी आहेत, वस्तू वेबसाइटवर पाहता येतील, पण विकत घेता येणार नाहीत. पुन्हा कधी सुरू होईल, याबद्दल त्यात एक शब्दही नव्हता.

मला हा दुसरा निरोप पहिल्यापेक्षा प्रामाणिक वाटतो. कसलाही अंदाज नसताना ‘दोन दिवसांत सुरू करतो’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह अशा वेळी फार असतो. तो टाळला गेला ते बरेच झाले, कारण बंद पडलेली ऑर्डरसेवा प्रत्यक्षात ४६ दिवसांनी सुरू झाली.

सगळे दिसत असूनही विकत घेता येत नाही, हे ग्राहकाला चमत्कारिक वाटते. पण वेबसाइट ही दुकानाची फक्त काचेची बाजू असते. कोणत्या गोदामात कोणत्या मापाचे किती शर्ट आहेत त्याची नोंद, पैसे जमा झाल्याची खूण, पार्सल बांधणाऱ्याच्या हातात जाणारी यादी, कुरिअरचा क्रमांक, परत आलेल्या मालाचा हिशोब ही सगळी यंत्रणा काचेमागे चालते. हल्ला झाल्यावर संसर्ग पसरू नये म्हणून या यंत्रणा एकमेकींपासून तोडाव्या लागतात. त्या पुन्हा जोडताना प्रत्येकीची नीट तपासणी करून ती स्वच्छ आहे अशी खात्री करावी लागते. राखून ठेवलेली प्रत असली, तरी तिच्यातच घुसखोर आधीपासून बसलेला नाही ना, हे पाहावे लागते. त्यात बंदच्या काळात दुकानांतली विक्री चालूच राहते, म्हणजे मधल्या काळात वहीतला साठा आणि फळीवरचा साठा यांची फारकत झालेली असते. हा मेळ न घालता ‘खरेदी करा’चे बटण चालू केले, तर नसलेल्या मालाचे पैसे घेतले जातात आणि दुसरे माफीपत्र लिहावे लागते.

म्हणून तारीख सांगणे अवघड असते. पण तारखेच्या जागी काहीच न सांगणे आणि ‘लवकरच’ म्हणणे, यांशिवाय तिसराही मार्ग आहे. २१ मे रोजी वार्षिक निकाल जाहीर करताना कंपनीने तो धरला. ऑनलाइन विक्रीतला व्यत्यय जूनभर राहील आणि जुलैतही थोडा जाणवेल, सेवा आधी सुरू होईल आणि मग हळूहळू वाढवली जाईल, असे सांगितले गेले. त्याच दिवशी नफ्याला सुमारे ३० कोटी पौंडांचा फटका बसेल हा आकडाही आला, आणि बातम्यांत तोच गाजला. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र कामाची होती ती मुदत. जूनच्या लग्नासाठी कपडे घ्यायचे असतील, तर ऑनलाइनची वाट पाहू नये, एवढे तिच्यावरून कळत होते.

१० जूनला विक्री पुन्हा सुरू झाली, म्हणजे सांगितलेल्या मुदतीच्या अलीकडेच. पण ती सगळ्या मालाची नव्हती आणि सगळ्या ठिकाणी नव्हती. निवडक कपडे, घरपोच, आणि तेही इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये. बाकीचा माल रोज थोडाथोडा वाढवू. उत्तर आयर्लंड आणि दुकानातून उचलण्याची सोय ‘येत्या काही आठवड्यांत’, असे निरोपात होते. यातली दुसरी सोय आली ११ ऑगस्टला. दोन महिन्यांना ‘काही आठवडे’ म्हणणे चूक नाही, पण वाचणाऱ्याने तीन-चार धरले असतील. पहिल्या भागातली नेमकी भाषा या दोन शब्दांत ढिली पडली.

पहिल्या निरोपातले ‘तुम्हाला काही करायची गरज नाही’ हे वाक्यही महागात पडू शकते. १३ मे रोजी कंपनीने कळवले की काही ग्राहकांची माहिती चोरीला गेली आहे. तिच्यात संपर्काचे तपशील, जन्मतारीख आणि जुन्या ऑर्डरींची यादी असू शकते; वापरता येतील असे कार्डाचे तपशील किंवा पासवर्ड नाहीत. पुढच्या वेळी खात्यात शिरताना पासवर्ड बदलायला सांगितले जाईल, असेही कळवले. एप्रिलच्या निरोपात ‘तूर्त’ हा शब्द होता, म्हणून कंपनी खोटी ठरली नाही. पण घाबरलेला माणूस ‘तूर्त’ वाचत नाही. पहिल्याच दिवशी ‘माहिती चोरीला गेली का, ते तपासत आहोत’ असे लिहिले असते, तर मेचा धक्का कमी बसला असता असे मला वाटते.

हे झाले मोठ्या कंपनीचे. आपल्याकडे याच अडचणीत सापडतो तो दिवाळीचा फराळ पाठवणारा पुण्यातला घरगुती उद्योग. उदाहरण कल्पनेतले घेऊ. वसुबारस दोन आठवड्यांवर आली आहे, मंगळवारी सकाळी नऊपासून साइट अडखळते आहे आणि अकराला पूर्ण बंद पडते. हल्ला वगैरे काही नाही. गर्दी वाढली आणि डेटाबेस कोसळला. आता चकलीच्या भाजणीचे पीठ मळायचे सोडून मालकीणबाईंना निरोप लिहायचा आहे.

इथे सगळ्यांत आधी पैशाचा प्रश्न सोडवावा लागतो, कारण नऊ ते अकराच्या दरम्यान काहींच्या खात्यातून यूपीआयने पैसे गेले, पण ऑर्डर क्रमांक आला नाही. यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी झालेल्या असू शकतात. एक, पैसे बँकांच्या वाटेत अडकले आणि दुकानापर्यंत आलेच नाहीत. यासाठी रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९चा नियम आहे: व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत आले पाहिजेत, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. दोन, पैसे दुकानाच्या पेमेंट गेटवेत व्यवस्थित पोहोचले, पण कोसळलेल्या साइटने ऑर्डर नोंदवली नाही. बँकेच्या लेखी हा व्यवहार यशस्वी आहे, त्यामुळे ग्राहक पाच दिवस बसून राहिला तरी आपोआप काहीही परत येणार नाही. इथे दुकानालाच ऑर्डर मान्य करावी लागते, नाहीतर पैसे परत पाठवावे लागतात. कोणती गोष्ट घडली, हे गेटवेच्या हिशोबात ग्राहकाच्या यूपीआय ॲपमधला बारा आकडी व्यवहार क्रमांक शोधला की कळते. ‘पैसे आपोआप परत येतील’ असे सरसकट लिहिणारी दुकाने दुसऱ्या प्रकारातल्या ग्राहकाला नकळत ताटकळत ठेवतात.

आता निरोप असा होऊ शकतो:

“नमस्कार. मंगळवारी सकाळी नऊपासून आमची वेबसाइट नीट चालत नव्हती आणि अकरापासून ती बंद आहे. गर्दीचा अंदाज आम्ही चुकवला, माफ करा. नऊच्या आधीच्या सगळ्या ऑर्डर आमच्याकडे नोंदलेल्या आहेत; तो फराळ ठरल्या दिवशी निघेल. नऊ ते अकरामध्ये पैसे गेले आणि ऑर्डर क्रमांक आला नसेल, तर पुन्हा पैसे भरू नका. यूपीआयमधला बारा आकडी क्रमांक आम्हाला पाठवा; पैसे आमच्याकडे आले आहेत की नाहीत, ते उद्या दुपारपर्यंत सांगतो. त्यासाठी आम्ही तुमचा पिन किंवा ओटीपी मागणार नाही. पुण्यातल्या घरपोच ऑर्डर गुरुवारी सकाळी दहाला सुरू करण्याचा प्रयत्न आहे. परदेशी पार्सलांची तारीख आज सांगता येत नाही. बुधवारी संध्याकाळी सहाला, साइट सुरू झाली असो वा नसो, पुन्हा कळवू. तोवर दुकान उघडे आहे आणि फोनवर ऑर्डर घेत आहोत.”

पिनचे वाक्य उगाच नाही. साइट बंद पडल्याची बातमी पसरली की ‘रिफंड देतो, पिन टाका’ म्हणणारे फोन सुरू होऊ शकतात. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही, पण घाईत ते आठवत नाही.

पुणे आणि परदेश वेगळे केले, कारण दोन्हींची निकड वेगळी आहे. कोथरूडचा ग्राहक शनिवारपर्यंत थांबेल, नाहीतर स्कूटरवर येऊन अनरसे घेऊन जाईल. न्यू जर्सीतल्या मुलीकडे लाडू पाठवणाऱ्या आईला मात्र कुरिअरची शेवटची तारीख गाठायची असते. ती गेली की साइट सुरू होऊनही उपयोग नाही. तिला ‘आज सांगता येत नाही’ हे आजच कळले, तर ती दुसरीकडे विचारू शकते. गिऱ्हाईक जाईल, हे खरे. पण तिला अडकवून ठेवून दिवाळीनंतर पोहोचलेले लाडू पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईकही नेतात.

निरोप पोहोचवायचा कसा, हाही प्रश्न असतोच. ग्राहकांचे पत्ते बंद पडलेल्या यंत्रणेतच असतील तर मेल जाणार नाही, म्हणून यादीची एक प्रत बाहेर हवी. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी सोपी वाटते. पण एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो निरोप मिळतो. मंगळवारी पहिल्यांदाच फराळ मागवणाऱ्यांनी तो बहुधा साठवलेला नसतो, आणि पैसे अडकलेले असण्याची शक्यता त्यांचीच जास्त. त्यांचे नंबर गेटवेच्या नोंदीत मिळाले, तर त्यांना एकेकाला फोन करावा लागतो.

बुधवारी संध्याकाळचे सहा वाजतात. डेटाबेस परत आला आहे, पण परदेशी वजनांचा तक्ता अजून चुकीचे दर दाखवतो आहे. मालकीणबाई हात पुसून फोन घेतात आणि लिहितात: “पुण्यातल्या ऑर्डर उद्या दहाला सुरू. परदेशी पार्सलांचे अजून जमलेले नाही. शुक्रवारी दुपारी बाराला नक्की हो किंवा नाही सांगतो.”