सहामाहीआधीचं पत्र

माझ्या शेजारणीची मुलगी सातवीत आहे. शाळेतल्या समुपदेशक मॅडमना द्यायचं पत्र तिने मला वाचायला दिलं, तेव्हा त्यात एकच ओळ होती: 'माझी मुलगी परीक्षेचं खूप टेन्शन घेते, कृपया तिला समजावून सांगा.' मी स्वतः बरीच वर्षं शाळेत समुपदेशन केलं आहे. अशा चिठ्ठ्या मला खूप आल्या आणि हाती घेण्यासारखं त्यांतून क्वचितच काही मिळालं. टेन्शन बहुतेक मुलांना येतं. या मुलीला ते कधी चढतं, किती वेळ राहतं आणि कशाने उतरतं, हे कळलं तरच शाळेला काही करता येतं.

मी तिला दोन आठवडे वहीत नुसतं टिपायला सांगितलं. त्या नोंदींवरून पत्राचा पहिला परिच्छेद असा झाला: 'घटक चाचणीच्या आदल्या रात्री तिला साडेअकरापर्यंत झोप लागत नाही. सकाळी पोटात दुखतं, काही खात नाही. रविवारी आणि सुटीत पोट दुखत नाही. अपूर्णांकांची जी उदाहरणं घरी बरोबर सोडवली, तीच चाचणीत कोरी सोडली. पेपर हातात आला की अक्षरं दिसतात पण अर्थ लागत नाही, असं ती सांगते. दहाएक मिनिटांनी हात चालू लागतो.'

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. उदाहरण सोडवताना आपण मधले आकडे मनातल्या छोट्याशा पाटीवर धरून ठेवतो. 'नापास झाले तर?' हा विचारही त्याच पाटीवर उमटतो आणि आकड्यांना जागा उरत नाही. म्हणून घरी आलेलं गणित वर्गात येत नाही. मात्र घरी, निवांतपणीही वाचताना मूल अडखळत असेल, तोंडी सगळं सांगून लिहिताना गडबडत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायला हवी. तो रस्ता वेगळा आहे आणि बोर्डाच्या सवलतींसाठी त्याला प्रमाणपत्र लागतं.

आता मागण्या. आईची पहिली इच्छा होती की, या वेळची गणिताची चाचणी माफ व्हावी. ती ओळ मी खोडायला लावली. परीक्षा टळली की मुलाला त्या क्षणी फार हलकं वाटतं आणि मन एवढंच शिकतं की, पळालो म्हणून वाचलो. पुढची चाचणी त्यामुळे आणखी मोठी दिसते. सवलत अशी हवी की मूल पेपरला बसेल. शेवटी तीनच गोष्टी मागितल्या. दाराजवळची जागा, म्हणजे गरज पडली तर पाणी पिऊन दोन मिनिटांत परत येता येईल. पहिली पाच मिनिटं न लिहिता पेपर वाचायची आणि सोपा प्रश्न आधी सोडवायची मोकळीक. आणि गुण वर्गात मोठ्याने न वाचता उत्तरपत्रिका हातात देणं. त्याखाली लिहिलं, 'सहामाहीनंतर यातलं काय कमी करता येईल, ते आपण मिळून ठरवू.' हे वाक्य नसेल तर सवलतीचीच कुबडी होते.

पत्र पाठवण्याआधी आईने ते मुलीला वाचून दाखवलं. रात्री रडल्याचा उल्लेख तिने काढायला लावला, आईने काढला. 'वर्गशिक्षिकांना सांगा, पण मुलींना कळू नये,' असं तिने सांगितलं, तेही पत्रात गेलं. म्हणूनच निरोप शाळेच्या डायरीत लिहायचे नाहीत, कारण डायरी शेजारची मैत्रीणही उघडते. दर शुक्रवारी मॅडम आणि आई फोनवर पाच मिनिटं बोलतील, असं ठरलं. मुलीने विश्वासाने सांगितलेलं सगळं मॅडम आईला सांगणार नाहीत. तिच्या जिवाला धोका वाटला तरच सांगतील, हेही आधीच स्पष्ट झालं. घरी एक बदल झाला: पेपरहून आल्यावर 'कसा गेला?' असं विचारायच्या आधी जेवायला वाढायचं.

सहामाहीच्या गणिताच्या पेपरला ती एकदा बाहेर जाऊन आली आणि शेवटपर्यंत बसली. दोन उदाहरणं राहिली. पोट त्याही सकाळी दुखलंच, पण तिने अर्धी पोळी खाल्ली. दिवाळीनंतर दाराजवळची जागा तिने स्वतःहून सोडली, बाकी दोन गोष्टी अजून चालू आहेत.

मूल शाळेतच जायचं थांबलं, आठवडे न् आठवडे नीट जेवत-झोपत नसेल किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचं बोलत असेल, तर पत्राच्या उत्तराची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा किंवा टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो.