अनुभवपत्र : तारखा नेमक्या, विशेषणं मोजकी

नोकरी सोडताना मिळणारं अनुभवपत्र बहुतेक जण नाव आणि सही बघून फाइलला लावतात. ते बारकाईनं वाचलं जातं नव्या कंपनीत, पडताळणीच्या वेळी. वाचणारा ना कर्मचाऱ्याला ओळखत असतो, ना पत्र देणाऱ्याला. म्हणून पत्रातलं प्रत्येक वाक्य कार्यालयातल्या नोंदींवरून सिद्ध करता यायला हवं.

चाकणच्या एखाद्या कारखान्यातलं उदाहरण घेऊ. एक तरुणी ४ जून २०१९ला प्रशिक्षणार्थी म्हणून लागली आणि १ जुलै २०२०ला गुणवत्ता अभियंता झाली. १५ जानेवारी २०२४ला तिनं राजीनामा दिला आणि साठ दिवसांचा नोटीस पीरियड भरून १५ मार्चला ती बाहेर पडली. एचआरनं घाईत लिहिलं : ‘जून २०१९ ते जानेवारी २०२४ गुणवत्ता अभियंता.’ इथे दोन चुका झाल्या. प्रशिक्षणाचा काळ अभियंत्याच्या अनुभवात मोजला गेला आणि शेवटचे दोन महिने गळाले. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख मार्चची असेल, तर पडताळणारा तिथेच अडतो.

हेच पत्र नीट लिहायचं तर कंपनीच्या लेटरहेडवर जावक क्रमांक आणि तारीख हवी. पूर्ण नाव ओळखपत्राप्रमाणे, सोबत कर्मचारी क्रमांक. मग मजकूर असा : ‘आमच्या नोंदींनुसार श्रीमती अमुक या ४ जून २०१९ ते १५ मार्च २०२४ या काळात आमच्याकडे नोकरीस होत्या. ३० जून २०२०पर्यंत त्या प्रशिक्षणार्थी होत्या आणि त्यानंतर गुणवत्ता अभियंता. येणाऱ्या मालाची तपासणी आणि पुरवठादारांच्या तक्रारींचा पाठपुरावा ही त्यांची कामं होती.’ खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, शिक्का आणि पडताळणीसाठी कार्यालयाचा ईमेल. व्यक्तीचा खासगी मोबाइल नंबर देऊ नये, कारण ती व्यक्तीही उद्या नोकरी बदलेल.

खरी कसोटी वागणुकीबद्दलच्या वाक्याची असते. नोंदीत तक्रार नसेल, तर ‘सेवाकाळात त्यांची वागणूक समाधानकारक होती’ एवढं पुरतं. ‘अत्यंत प्रामाणिक’, ‘असामान्य कर्तृत्ववान’ अशी विशेषणं हमीसारखी वाचली जातात. याउलट कोणाची चौकशी अर्धवट असेल, तर ना कौतुक करावं, ना आरोप. तारखा, पद आणि काम एवढंच लिहून थांबावं. सिद्ध न झालेला ठपका लेखी दिला, तर बदनामीचा वाद उभा राहू शकतो. खोटी शाबासकी दिली आणि पुढे त्याच माणसावर खटला भरायची वेळ आली, तर कंपनीचंच पत्र तिच्याविरुद्ध पुढे केलं जातं.

पगार, आजारपण, प्रसूती रजा आणि सोडण्याचं कारण यांचा अनुभवपत्रात उल्लेख नको. कार्यमुक्तीचं पत्रही वेगळंच द्यावं. हिशेब पूर्ण झाल्याचं ते सांगतं. अनुभवपत्रानं फक्त केलेल्या कामाबद्दल बोलावं.

पत्र हातात पडताच नेमणूकपत्र आणि राजीनामा स्वीकारल्याचं पत्र शेजारी ठेवून तारखा ताडून पाहाव्यात. चूक निघाली, तर खाडाखोड करून न घेता नव्या जावक क्रमांकाचं दुरुस्त पत्र मागावं.