आकडा चांगला, पण मोजलं काय?

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवरचा ताण मोजायला प्रकल्पात अनेकदा शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची, 1983 साली प्रसिद्ध झालेली ताण-मापनश्रेणी घेतात. तिच्या दहा प्रश्नी आवृत्तीत प्रत्येक उत्तराला 0 ते 4 गुण असतात.

हे दहा प्रश्न एकाच सुरात बोलतात का, हे क्रॉनबाखचा अल्फा सांगतो. साधारणपणे 0.70 च्या पुढचा अल्फा चालतो. पण समजा, तो 0.35 आला. अशा वेळी आधी गुणांकन तपासावं. प्रश्न 4, 5, 7 आणि 8 सकारात्मक आहेत. अडचणी हाताळण्याचा आत्मविश्वास वाटला का, अशा धर्तीचे. त्यांचे गुण उलटे करावे लागतात: 0 चे 4, 1 चे 3. ते राहिलं, की चार प्रश्न उरलेल्या सहांच्या विरोधात जातात आणि अल्फा कोसळतो.

अल्फा 0.85 आला म्हणून काम संपत नाही. दहाही प्रश्न झोपेबद्दलच विचारले तरी अल्फा उत्तम येईल, मोजली मात्र झोपच जाईल, ताण नव्हे. ही वैधतेची बाजू. त्यासाठी पाच तज्ज्ञांकडून प्रत्येक प्रश्न किती सुसंगत आहे, याला 1 ते 4 गुण घेतात. चौघांनी 3 किंवा 4 दिले, तर त्या प्रश्नाचा आशय-वैधता निर्देशांक 0.80. तज्ज्ञ पाचच असतील तर पाचही जणांची सहमती हवी, असा कडक निकषही आहे.

श्रेणी मराठीत आणली असेल, तर मूळ इंग्रजीचा अल्फा अहवालात उतरवून भागत नाही. तो आपल्या नमुन्यावर नव्याने काढावा लागतो.